आधी पसरलेले हात, मग जोडलेले

वसईच्या कुठल्याही चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेला गेलात, तर तिन्ही मुद्रा दिसतील. वेदीपाशी फादर तळवे वर करून, हात पसरून प्रार्थना म्हणतात. समोरचे भाविक हात जोडतात आणि ठरावीक वेळी गुडघे टेकतात. या मुद्रा एकाच काळातल्या नाहीत, आणि त्यांचा अर्थही एक नाही.

सर्वांत जुनी मुद्रा पसरलेल्या हातांची. रोममधल्या प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातलं एक भित्तिचित्र आहे. डोक्यावरून वस्त्र घेतलेली स्त्री उभी आहे, दोन्ही हात वर, तळवे उघडे. ज्यू आणि रोमन लोकही असेच हात उंचावून प्रार्थना करत. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी तीच रीत ठेवली आणि तिच्यात क्रुसावरच्या येशूचे पसरलेले हात पाहिले.

गुडघे टेकणं तेव्हाही होतं, पण ती पश्चात्तापाची खूण होती. म्हणून इ.स. 325 मध्ये नायसियाच्या धर्मसभेने आपल्या विसाव्या नियमात सांगितलं की रविवारी आणि ईस्टरनंतरच्या पन्नास दिवसांत प्रार्थना उभ्यानेच करावी. हे दिवस पुनरुत्थानाच्या आनंदाचे, त्यामुळे त्या दिवशी भक्ताने ताठ उभं राहायचं. आज गुडघे टेकणं हीच भक्तीची परमावधी वाटणाऱ्यांनी हा नियम जरूर लक्षात घ्यावा.

छातीशी जोडलेले हात युरोपातल्या चर्चमध्ये बरेच उशिरा, मध्ययुगात रुळले. त्यांचं मूळ सरंजामी रिवाजात असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. आश्रित सरदार बोडक्या डोक्याने, शस्त्र न बाळगता धन्यापुढे गुडघे टेकायचा आणि आपले जोडलेले हात त्याच्या हातांत द्यायचा. ‘मी तुझा, माझं रक्षण तू कर’ हा त्या कृतीचा अर्थ. ही कृती आजही जिवंत आहे: गुरुदीक्षेच्या वेळी उमेदवार बिशपपुढे गुडघे टेकतो, जोडलेले हात त्यांच्या हातांत ठेवतो आणि आज्ञापालनाचं वचन देतो. तो विधी पाहिला की जोडलेल्या हातांतलं समर्पण समजावून सांगावं लागत नाही.

भारतात मात्र हात जोडणं कुठल्याही सरंजामाआधीपासूनचं. इथे ते देवाइतकंच पाहुण्यासाठी आणि वडीलधाऱ्यांसाठीही आहे. त्यात आधी आदर येतो. हा फरक रोमनेही मान्य केला. 1969 मध्ये भारतातल्या मिस्सेसाठी बारा बदलांना परवानगी मिळाली. एक गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकून नमस्कार करता येईल, शांतीची खूणही हात जोडून देता येईल, जमिनीवर बसता येईल, पादत्राणं बाहेर काढता येतील, पंचांग प्रणामही घालता येईल. बदल सक्तीचे नव्हते, म्हणून काही ठिकाणी ते रुजले आणि बऱ्याच चर्चमध्ये जुनीच पद्धत चालू राहिली.