नाल्याला किती पाणी येईल?

पडलेल्या पावसाचे पुढे तीन भाग होतात. काही पाण्याची वाफ होते, काही जमिनीत मुरते आणि उरलेले उतारावरून वाहून जाते. या वाहून जाणाऱ्या पाण्यास अपधाव म्हणतात. ज्या क्षेत्राचे पाणी एका नाल्यात उतरते, ते त्या नाल्याचे पाणलोट क्षेत्र होय. बांधाची सांड किंवा रस्त्याखालील मोरी बांधावयाची ती या अपधावाच्या मानाने.

पाऊस मोजण्याचे साधे पर्जन्यमापक दररोज सकाळी ८-३० वाजता वाचतात. ते झाड किंवा इमारत यांपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावे. या मापकावरून दिवसाचा एकूण पाऊस कळतो; परंतु तो किती जोराने पडला, हे कळत नाही. त्यासाठी स्वयंलेखी मापक लागतो.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या उपनगरांत दिसून आले. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याची सरासरी काढल्यास तासाला सुमारे ३९ मिलिमीटर येते. प्रत्यक्षात दुपारच्या एका तासातच सुमारे १९० मिलिमीटर पडला. त्याच दिवशी कुलाब्यास केवळ ७३ मिलिमीटर नोंद झाली. म्हणजे दूरच्या केंद्राचा आकडाही आपल्या नाल्यास लावता येत नाही.

लहान पाणलोटासाठी हिशेब असा करतात:

प्रवाह = गुणांक × तीव्रता × क्षेत्र ÷ ३६०

तीव्रता दर तासास मिलिमीटरमध्ये आणि क्षेत्र हेक्टरमध्ये घेतल्यास प्रवाह दर सेकंदास घनमीटरमध्ये मिळतो. गुणांक म्हणजे पावसाचा वाहून जाणारा हिस्सा. रानात तो कमी असतो. फरसबंदी व छपरे वाढली की तो एकाकडे सरकतो.

अंधेरीकडील ३६ हेक्टरांचा एक पाणलोट उदाहरणादाखल घेऊ. मुंबईच्या जुन्या गटारांसाठी तीव्रता २५ आणि गुणांक ०.५ धरला जात असे; त्याप्रमाणे प्रवाह १.२५ घनमीटर येतो. पुढे १९९३ च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने तीव्रता ५० व गुणांक १ सुचविला; त्याने तोच प्रवाह ५ घनमीटर, म्हणजे चौपट होतो. आता १९० मिलिमीटर व गुणांक १ धरून पाहा: १९ घनमीटर! सर्व पाणलोटाचे पाणी मोरीपाशी पोहोचण्याइतका वेळ हा जोर टिकला, तर ५ घनमीटरांची मोरीही तुंबणारच.

या सूत्रास मर्यादा आहेत. पाणी किती येईल एवढेच ते सांगते. पुढे वाट मोकळी आहे की नाही, हे सांगत नाही. समुद्रास भरती असल्यास खाडीकडील तोंडातून पाणी बाहेर पडत नाही. गाळाने नाल्याचा अर्धा छेद भरला असेल, तर हिशेब बरोबर असूनही पाणी काठावर येते.

म्हणून पुरानंतर काठावरील भिंतीवर उमटलेली पाण्याची रेघ मोजून ठेवावी. पाऊस हिशेबातील जोरापेक्षा कमी असूनही रेघ काठाच्या वर गेली असेल, तर प्रथम गाळ तपासावा. गाळ नसेल आणि खालची वाटही मोकळी असेल, तर वरच्या पाणलोटात नवी बांधकामे झाली आहेत काय ते पाहून गुणांक नव्याने धरावा.