उरले चार दिवस, पण कशाला?

श्रावण सरत आला की मोबाइलवर आकडे उतरायला लागतात. ‘बाप्पाच्या आगमनाला उरले फक्त १० दिवस’, मग ९, मग ८. चित्र बहुधा तेच असतं, बदलतो तो आकडा. तरी लोक थांबून बघतात आणि पुढे पाठवतात, कारण गणपतीला का यायचं हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. वाट पाहणं आधीच सुरू झालेलं असतं, आकडा त्याला फक्त ताल देतो.

हेच पाहून एखादी हौशी नाट्यसंस्था आपल्या नव्या प्रयोगासाठी ‘उरले फक्त ४ दिवस’ अशी स्टोरी टाकते. तिथे मात्र काहीच घडत नाही. बघणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘कशाला?’ आणि तो सुटायच्या आत बोट पुढच्या स्टोरीवर गेलेलं असतं. ज्याची कुणी वाट पाहत नाही, त्याचे दिवस मोजून उत्सुकता वाढत नाही. म्हणून ही मंडळी आकड्याच्या जोडीला रोज एक नवं कारण देतात. आज उरलेत ४ दिवस आणि हे एक कारण, उद्या उरतील ३ आणि त्यासोबत दुसरं.

ही युक्ती मोबाइलच्या किती तरी आधीची आहे. जर्मनीत नाताळाआधीचे २४ दिवस मोजायचं कॅलेंडर असतं. त्यात रोज एक छोटं दार उघडायचं आणि आत नवं चित्र बघायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकच्या गेरहार्ड लांग या प्रकाशकाने अशी छापील कॅलेंडरं लोकप्रिय केली. मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅलेंडरापाशी जातं ते दाराआड काय आहे हे बघायला. नाताळ एक दिवसाने जवळ आला, ही बातमी त्याला आयती मिळते.

इन्स्टाग्रामने स्टोरी आणली २०१६च्या ऑगस्टमध्ये. २४ तासांनी आपोआप नाहीशी होणारी ही कल्पना मूळची स्नॅपचॅटची. पुढच्याच वर्षी व्हॉट्सॲपचं स्टेटसही तसंच झालं. २०१८च्या डिसेंबरात इन्स्टाग्रामने उलटमोजणीचं स्टिकर दिलं. त्याला नाव द्यायचं, तारीख-वेळ भरायची, की उरलेला वेळ ते स्वतःच दाखवत राहतं. बघणाऱ्याने त्यावर टिचकी मारून आठवण मागितली, तर मोजणी संपताच त्याच्या फोनवर सूचना येते.

इथे एक गोम आहे. प्रयोग रविवारी संध्याकाळी ७ वाजता म्हणून बहुतेक जण स्टिकरमध्येही ७ वाजताचीच वेळ भरतात. मग सूचना येते तेव्हा तिसरी घंटा होऊन गेलेली असते आणि आठवण मागणारा प्रेक्षक हडपसरला घरी चहा पीत बसलेला असतो. त्यापेक्षा मोजणी तिकीटविक्री सुरू होण्याच्या क्षणावर लावावी, किंवा रविवारी दुपारी ४ वर लावून तिला ‘खिडकी उघडते’ असं नाव द्यावं. सूचना आल्यावर माणसाला काही करता आलं पाहिजे.

आता एक नमुना मांडून पाहू. समजा, पुण्यातल्या एका छोट्या रंगमंचावर शंभरेक खुर्च्या आहेत, तिकीट ३०० रुपये आणि प्रयोग रविवार, १५ तारखेला. नाटक नवं आहे, संस्था तरुणांची आहे आणि खात्याला नऊशे-हजार फॉलोअर आहेत. सोमवारपासून रोज एक स्टोरी टाकायची आहे. संस्थेच्या बैठकीत कारणं काढायला बसलं, की आधी हमखास पुढे येतात ती ही: ‘दोन महिन्यांची मेहनत’, ‘सगळ्यांनी जीव ओतलाय’, ‘तुमचा पाठिंबा हवा’. भावना खऱ्या आहेत, पण ही कारणं संस्थेची आहेत, प्रेक्षकाची नव्हेत. कारण चालेल की नाही हे ओळखायची सोपी रीत अशी: बघणाऱ्याला ते मित्रापुढे एका वाक्यात म्हणता आलं पाहिजे. ‘चल जाऊ, त्यात पखवाज समोर बसून वाजवणार आहेत,’ असं कुणी म्हणू शकतं. ‘चल जाऊ, त्यांनी जीव ओतलाय,’ असं कुणी म्हणत नाही.

या चाळणीतून गेल्यावर उरतं ते थोडं, पण कामाचं असतं. सोमवारी गोष्टीचा गाभा: वाडा विकायचा ठरल्यावर शेवटच्या रात्री एकत्र आलेली तीन भावंडं, आणि त्यांच्यातल्या एका वाक्याचा आवाज. मंगळवारी मालिकेतून ओळखीची झालेली अभिनेत्री, इथे मात्र अगदी वेगळ्या भूमिकेत. बुधवारी तालमीतला बारा सेकंदांचा तुकडा. गुरुवारी पखवाज. शुक्रवारी रंगीत तालीम बघून गेलेल्या कुणा प्रेक्षकाचं मत, त्याची परवानगी घेऊन आणि त्याच्याच शब्दांत.

मंगळवारच्या स्टोरीत अभिनेत्रीच्या खात्याचा उल्लेख करायचाच. तसा केला की तिला संदेश जातो आणि ती स्टोरी एका टिचकीत स्वतःच्या खात्यावर लावता येते. हे महत्त्वाचं आहे, कारण स्टोरी मुख्यतः आधीच्या फॉलोअरपर्यंतच जाते. नवी माणसं मिळतात ती अशा दुसऱ्याच्या खात्यावरून. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला तर याहून कडक कुंपण आहे. दोघांनीही एकमेकांचे नंबर जपून ठेवले असतील तरच ते दिसतं. म्हणजे उलटमोजणी अर्धवट मन झालेल्या ओळखीच्या माणसाला दारापर्यंत आणते. अनोळखी माणूस शोधून आणायचं काम तिच्यावर टाकलं, तर पदरी निराशा ठरलेली.

कारणांचा क्रमही असाच लागत नाही. आठवड्याच्या सुरुवातीला लोक ‘बघावं का?’ असा विचार करतात, तेव्हा गोष्ट, माणसं, संगीत यांना वाव असतो. शनिवार उजाडला की ज्याचं मन होतं त्याचं झालेलं असतं. आता त्याला अडवत असतात त्या बारीकसारीक गोष्टी. नाटक किती वाजता सुटेल? मध्यंतर आहे का? गाडी कुठे लावायची? आठ वर्षांच्या मुलीला आणलं तर चालेल का? म्हणून शनिवारच्या स्टोरीचं कारण वरवर अगदी नीरस दिसतं: ‘दीड तास, मध्यंतर नाही, साडेआठला तुम्ही बाहेर. दुचाकी आवारात, चारचाकीसाठी वाहनतळ पाच मिनिटांवर.’ हौशी संस्था ही स्टोरी सहसा टाळतात, तिच्यात कला नाही म्हणून. सोमवारी बाहेरगावी असलेल्या किंवा पिंपरीहून येणाऱ्या माणसाचं पाऊल मात्र याच माहितीवर उचलतं किंवा अडतं.

रविवारी एकच कारण उरतं, किती खुर्च्या शिल्लक आहेत ते. आकडा खरा असेल तरच तो द्यावा. तिकिटं बुकमायशोवर असतील तर ‘शेवटच्या ५ जागा’ वाचून माणूस तिथे जातो आणि आसनांच्या नकाशात निम्मं सभागृह मोकळं दिसतं. तो त्या दिवशी तर येत नाहीच, पुढच्या प्रयोगाच्या आकड्यालाही हसतो.

आणखी एक चूक भल्याभल्यांकडून होते. शनिवारी रात्री ९ वाजता स्टोरी टाकली, ‘उद्या संध्याकाळी ७ वाजता भेटू’. ती रविवारी रात्री ९ पर्यंत दिसत राहणार. रविवारी दुपारी जेवून आडवा झालेला माणूस ती बघतो आणि प्रयोग सोमवारी आहे असं समजतो. ‘उरले २ दिवस’चंही तेच होतं. कालची आणि आजची स्टोरी एकामागून एक दिसली, तर दोन वेगळे आकडे समोर येतात. वर कोपऱ्यात किती तासांपूर्वीची ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं खरं, पण तिकडे बघतो कोण? त्यामुळे आकडा मोजायचं काम स्टिकरवर सोडावं, मजकुरात ‘रविवार, १५ तारीख, सायं. ७’ असंच लिहावं, आणि तेही प्रत्येक स्टोरीत सभागृहाच्या नावासह. कुणी सातही स्टोऱ्या क्रमाने बघत नाही. बहुतेकांना त्यातल्या एक-दोनच दिसतात. वर्तमानपत्रांत नाटकांच्या जाहिरातींचा जो रकाना असतो, त्यात जागा दोन बोटांची असली तरी वार, वेळ आणि नाट्यगृह कधी सुटत नाही. ती शिस्त स्टोरीत सहज विसरली जाते, कारण टाकणाऱ्याला सगळं तोंडपाठ असतं.

जागेचाही हिशोब ठेवावा लागतो. स्टोरीची चौकट १०८० बाय १९२० पिक्सेलची. त्यातली वरची पट्टी खात्याच्या नावाखाली आणि खालची उत्तराच्या चौकोनाखाली झाकली जाते. तारीख तळाला लिहिली तर ती नेमकी तिथेच अडकते. चित्र पडद्यावर राहतं जेमतेम पाच सेकंद. एवढ्या वेळात तीन कारणं वाचून होत नाहीत, एक होतं. रोज एकच कारण, या नियमाचं मूळ या पाच सेकंदांतही आहे.

उलटमोजणी लागू पडतेय की नाही, हे आठवड्याच्या मध्यालाच कळू शकतं. प्रत्येक स्टोरीखाली किती जणांनी ती पाहिली, किती जण मागे आले आणि किती जण तिथूनच बाहेर पडले हे दिसतं. मागे येणं हे चांगलं लक्षण, माणसाला ती पुन्हा वाचायची होती. एका दिवशी बाहेर पडणारे एकदम वाढले तर त्या दिवशीचं कारण फसलं, किंवा अक्षरांची गर्दी झाली. मात्र दोनशे जणांत पाचाचे आठ झाले म्हणून हवालदिल व्हायचं कारण नाही. लिंकवर किती टिचक्या पडल्या आणि किती जणांनी आठवण मागितली, हे आकडे त्याहून बोलके. तरी खरी परीक्षा खिडकीवरच होते. तिकीट फाडणाऱ्याने ‘कुठून कळलं?’ एवढं विचारून वहीत रेघ ओढली, तर मोबाइलमधल्या कुठल्याही आलेखापेक्षा स्वच्छ उत्तर मिळतं. अनेकदा ते भलतंच निघतं. संस्थेला वाटत असतं, लोक अभिनेत्रीसाठी आले. प्रेक्षक सांगतात, ‘साडेआठला सुटतं म्हणालात ना, म्हणून.’

पडदा पडल्यावर या सात स्टोऱ्या २४ तासांत पुसल्या जातात, पण खात्याच्या संग्रहात शिल्लक राहतात. गोष्टीची, पखवाजाची आणि प्रेक्षकाच्या मताची अशा तीन स्टोऱ्या हायलाइटमध्ये लावून ठेवता येतात. त्यासाठी तारीख चित्रात कोरण्याऐवजी वरून मजकूर म्हणून टाकलेली बरी. म्हणजे पुढच्या महिन्यात कोल्हापूरचा किंवा नाशिकचा प्रयोग लागला, की तेच मूळ चित्र काढायचं, नवी तारीख घालायची आणि वहीत ज्या कारणापुढे सर्वांत जास्त रेघा आहेत ते सोमवारी पहिलं लावायचं.