रणगाड्यांची मोजणी आणि दोन सूत्रांची चूक

दुसऱ्या महायुद्धात हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांच्या सुट्या भागांवरचे अनुक्रमांक वाचून दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी जर्मनीचे उत्पादन किती, याचा अंदाज बांधला. ऑगस्ट १९४२ साठी त्यांचा आकडा महिन्याला ३२७ होता, हेरखात्याचा १५५०. युद्धानंतर सापडलेल्या जर्मन नोंदींत ३४२ निघाले.

हा प्रश्न सोपा करून पाहू. रणगाड्यांना १ पासून क्रमांक दिले आहेत, त्यांतले चार कसेही हाती आले, तर एकूण किती? एक सूत्र सांगते की, चारांची सरासरी काढून दुप्पट करा आणि एक वजा करा. दुसरे म्हणते, सर्वांत मोठा क्रमांक तोच एकूण आकडा माना.

समजा खरी संख्या ९९ आहे. चार-चार क्रमांक पुन्हा पुन्हा काढले, तर पहिल्या सूत्राच्या उत्तरांची सरासरी बरोबर ९९ येते. म्हणजे त्याला अभिनती नाही, ते एका बाजूला झुकत नाही. दुसऱ्याची सरासरी ८० येते. शेवटचाच रणगाडा दरवेळी थोडाच सापडतो! त्याची अभिनती उणे १९. इथवर पहिले सूत्र सरस वाटते.

पण त्याची उत्तरे फार विखुरतात. या विखुरण्याचे माप म्हणजे प्रचरण : पहिल्याचे सुमारे ७९२, दुसऱ्याचे २५३. एकूण चूक मोजायची तर अभिनतीच्या वर्गात प्रचरण मिळवावे. त्या बेरजेला सरासरी वर्ग चूक म्हणतात. दुसऱ्या सूत्रासाठी ती ३६१ अधिक २५३, म्हणजे ६१४ होते. पहिल्याची ७९२च राहते. नेहमी कमीच सांगणारे सूत्र असे पुढे जाते. पहिल्याचा विक्षिप्तपणा एका उदाहरणातही दिसतो : १२, २५, ३१ आणि ९० हे क्रमांक सापडले, तर ते एकूण ७८ सांगते, आणि ९० क्रमांकाचा रणगाडा तर समोर उभा असतो.

मोठ्या क्रमांकाला सव्वापट करून एक वजा केला, तर अभिनती नाहीशी होते आणि सरासरी वर्ग चूक ३९६ वर उतरते. व्यवहारात हेच सूत्र वापरावे, असे बहुतेक पाठ्यपुस्तके सांगतात. तरी ते अगदी शेवटचे नव्हे. सव्वाऐवजी १.२ ने गुणून काहीच वजा केले नाही, तर सरासरी ९६ येते. तीनची अभिनती पत्करावी लागते, पण प्रचरण ३६५ वर येते आणि एकूण चूक ३७४ होते.

हे सारे हिशेब क्रमांक सलग आहेत आणि निवड यादृच्छिक झाली आहे, असे धरून केलेले आहेत. कारखान्याने मधले क्रमांक गाळले असतील, तर मोठ्या क्रमांकावर बेतलेली सूत्रे संख्या फुगवून सांगतात, आणि चार ऐवजी चाळीस क्रमांक मिळाले तरी ती फुगवटी जात नाही. प्रचरण नमुना वाढवून कमी होते. अशा चुकीच्या गृहीतातून आलेली अभिनती तशी हटत नाही.