यूरिया चक्र आणि चौथ्या दिवशी दगावणारं वासरू

परभणी जिल्ह्यातल्या गोठ्यांत लाल कंधारीबरोबर आता एचएफ संकरित गाईही दिसतात. दूध वाढवणाऱ्या या होल्स्टीन रक्तात कधी कधी सिट्रुलिनेमिया हा आनुवंशिक दोष लपलेला असतो. तो कुठे घाव घालतो हे समजायला यूरिया चक्र पाहावं लागतं.

प्रथिनं पचली की नायट्रोजन उरतो आणि त्याचा अमोनिया होतो. अमोनिया मेंदूला विषारी, म्हणून यकृत त्याचा यूरिया बनवतं. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात अमोनिया आणि बायकार्बोनेट मिळून कार्बामॉइल फॉस्फेट तयार होतं. ते ऑर्निथिनला जोडलं की सिट्रुलिन बनतं आणि बाहेरच्या पेशीद्रवात येतं. तिथे सिट्रुलिनला अस्पार्टेट जोडून अर्जिनिनोसक्सिनेट होतं. ते फुटून अर्जिनिन आणि फ्युमरेट मिळतं. शेवटी अर्जिनिनपासून यूरिया सुटतो आणि ऑर्निथिन पुढच्या फेरीला मोकळं होतं.

यूरियात नायट्रोजनचे अणू दोन. एक थेट अमोनियातून येतो, दुसरा अस्पार्टेट आणतं. अस्पार्टेटचा पुरवठा टिकतो तो फ्युमरेटमुळे. त्याचं मॅलेट, मग ऑक्झॅलोअॅसिटेट होतं. हे दोन्ही सायट्रिक अॅसिड चक्रातलेच घटक. ऑक्झॅलोअॅसिटेटने दुसऱ्या अमिनो आम्लाकडून नायट्रोजन घेतला की पुन्हा अस्पार्टेट हजर. ही दोन्ही चक्रं हान्स क्रेब्झच्याच नावाशी जोडलेली आहेत: यूरियाचं 1932 मध्ये, कुर्ट हेन्सेलाइटसोबत, आणि सायट्रिक अॅसिडचं 1937 मध्ये.

आता दोष पाहू. अस्पार्टेट जोडणारं एन्झाइम म्हणजे अर्जिनिनोसक्सिनेट सिंथेटेज. होल्स्टीनमध्ये त्याच्या जनुकातलं एकच अक्षर बदलतं. 86व्या अमिनो आम्लाच्या जागी ‘थांबा’ असा संकेत येतो आणि एन्झाइम अर्धवट राहतं. चक्र तिथेच अडतं. मागे सिट्रुलिन आणि अमोनिया साचतात, पुढे अर्जिनिन आणि फ्युमरेट बनत नाहीत.

वासरू जन्मतः धडधाकट असतं, कारण गर्भात असताना त्याचा अमोनिया गाईचं शरीर निस्तरत होतं. चीक आणि दूध पोटात गेलं की एखाद-दोन दिवसांत ते मलूल होतं, आचळ सोडतं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं. त्याला दिसेनासं होतं, झटके येतात आणि पहिल्या आठवड्यातच ते दगावतं. मेंदूचा संसर्ग समजून प्रतिजैविकं दिली जातात, पण त्यांचा उपयोग होत नाही. रक्तात अमोनिया आणि सिट्रुलिन मोजलं की खरं निदान होतं. हाच दोष माणसाच्या बाळातही आढळतो. तिथे प्रथिनं थांबवून ग्लुकोजचं सलाईन, सोडियम बेंझोएट, अर्जिनिन आणि गरज पडल्यास डायलिसिस देऊन जीव वाचवता येतो, मात्र निदान लवकर व्हायला हवं.

वासराला दोष बाधतो तो दोन्हीकडून बिघडलेलं जनुक आलं तरच. वाहक वळू आणि वाहक गाय यांच्या प्रत्येक वेतात ही शक्यता चारात एक. वाहक जनावर दिसायला निरोगीच असतं. म्हणून कृत्रिम रेतनासाठी वापरायच्या होल्स्टीन वळूची या जनुकाची डीएनए चाचणी करतात. एचएफची कांडी भरून घेताना पशुपालकाने वळूचा चाचणी अहवाल विचारावा.