एका वेळी किती पोती मागवावीत?

— ऊस विकास अधिकारी



गावोगावी सोसायटीची दुकानं आहेत, काही सभासदांच्या घरचीही पशुखाद्याची दुकानं आहेत. अशा दुकानात दोन प्रकारचे चालक दिसतात. एक जण दर आठवड्याला थोडी थोडी पोती मागवतो आणि गाडीभाड्यानं बेजार होतो. दुसरा एकदम तीन महिन्यांचा माल भरून ठेवतो, मग पैसे अडकले म्हणून उसनवारी करत फिरतो. दोघंही आपापल्या परीनं काटकसरच करत असतात. यातलं बरोबर माप कुठलं, ते काढायची रीत व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना 'इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी' या नावानं शिकवतात. मराठीत आपण तिला किफायतशीर खरेदीचं माप म्हणू. पोरं सूत्र पाठ करून परीक्षेला जातात. पण त्यातलं मर्म दुकानाच्या फळीवर बसणाऱ्याला लवकर कळतं, असं माझं मत आहे.

ही रीत मुळात दुकानासाठी निघाली नव्हती. फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनियरनं १९१३ साली एका मासिकात प्रश्न मांडला, की कारखान्यात एखादा सुटा भाग एका वेळी किती नग बनवावा? यंत्राची जुळणी दर वेळी नव्यानं करावी लागते, त्याचा खर्च. आणि जास्त बनवले तर ते पडून राहतात, त्याचा खर्च. पुढं १९३४ मध्ये विल्सन यांनी साठ्याच्या नियंत्रणावर लिहिलं आणि पुष्कळ ठिकाणी सूत्राला त्यांचंच नाव चिकटलं. असो.

आता एक दुकान घेऊ. आकडे उदाहरणापुरते धरले आहेत, आपापले घालून बघावेत. पशुखाद्याची वर्षाला १,२०० पोती खपतात, म्हणजे महिन्याला १००. पोत्याची खरेदी १,५०० रुपये. कंपनीची मालमोटार चार गावांना माल टाकत येते. आपल्या गावाला वळायचे ६०० रुपये घेते, मग पोती ५० असोत की २००. त्या दिवशी माल मोजून उतरवून घ्यायला एक माणूस अडकतो, त्याची मजुरी ३५० रुपये. फोन, बँक, कागदपत्रं मिळून ५०. एका खेपेचा खर्च झाला १,००० रुपये. हमाली यात धरायची नाही. ती पोत्यावर असते. वर्षाची १,२०० पोती कशीही आणली तरी हमाली तेवढीच. दुकानाच्या सेक्रेटरीचा पगारही धरायचा नाही, कारण खेप कमी केली म्हणून तो पगार वाचत नाही. खेप वाढली की जो खर्च वाढतो, तेवढाच खेपेचा खर्च.

दुसरी बाजू सांभाळखर्चाची. एक पोतं वर्षभर पडून राहिलं तर काय लागतं? १,५०० रुपयांवर १२ टक्क्यांनी व्याज १८० रुपये. उंदीर, ओल, फाटकी पोती, विमा मिळून ६० धरू. एकूण २४० रुपये. इथं पुष्कळ जण म्हणतात, "पैसे माझेच आहेत, व्याज कुणाला द्यायचं?" पण तेच पैसे डोक्यावरच्या कर्जात भरले असते तर तिथलं व्याज थांबलं असतं. म्हणून स्वतःच्या पैशावरही व्याज धरायचंच.

हा सांभाळखर्च मागवलेल्या सगळ्या पोत्यांवर लागत नाही. १०० पोती आली, रोज विकत गेली आणि महिनाअखेर संपली, तर पहिल्या दिवशी १०० आणि शेवटच्या दिवशी शून्य, सरासरी ५० पोती पडून होती. म्हणजे नेहमी खेपेच्या निम्म्यावर हिशोब करायचा.

आता ५०-५० पोती मागवली तर वर्षात २४ खेपा, २४,००० रुपये. सरासरी साठा २५, त्याचे ६,०००. एकूण ३०,०००. खेप १०० ची केली तर १२ खेपांचे १२,००० आणि ५० पोत्यांच्या साठ्याचे १२,०००, एकूण २४,०००. आणखी वाढवून २०० केली तर खेपांचे ६,०००, पण साठ्याचे २४,०००, पुन्हा ३०,०००. तीनशेचा ढीग मारला तर खर्च ४०,००० वर जातो, आणि सरासरी सव्वादोन लाख रुपये गोदामात बसून राहतात.

पन्नासवरून शंभरवर जाताना खेपांचे १२,००० वाचले आणि साठ्याचे ६,००० वाढले, फायदाच. शंभरवरून दोनशेवर जाताना नेमकं उलटं झालं. जिथं दोन्ही खर्च सारखे होतात तिथं एकूण खर्च सर्वांत कमी. सूत्र एवढंच सांगतं: वर्षाच्या खपाला खेपेच्या खर्चानं गुणा, दुप्पट करा, एका पोत्याच्या सांभाळखर्चानं भागा आणि वर्गमूळ काढा. १,२०० गुणिले १,०००, त्याची दुप्पट २४ लाख, भागिले २४० म्हणजे १०,०००, वर्गमूळ १००.

वर्गमूळ नको वाटलं तरी दुकानाच्या वहीवरून ओळखता येतं. वर्षभराचा खेपांचा खर्च सांभाळखर्चापेक्षा बराच जास्त निघाला, तर खेप लहान आहे. मागच्या थप्पीत जुन्या तारखेची पोती सापडत असतील आणि सांभाळखर्च वरचढ असेल, तर खेप मोठी आहे.

शंभरचा आकडा म्हणजे देववाणी नव्हे. १२० पोती मागवली तर एकूण खर्च २४,४०० होतो, ८० मागवली तर २४,६००. चारशे-सहाशे रुपयांचाच फरक. तेव्हा गाडीत जागा आहे म्हणून दहावीस पोती इकडंतिकडं झाली तर जीव काढू नये. आणि खप चौपट झाला म्हणून खेप चौपट करायची नसते. ४,८०० पोती खपू लागली तर माप २०० येतं, फक्त दुप्पट.

एजंट सवलत दाखवतो तेव्हा मात्र नीट हिशोब करावा. "एकदम २०० घ्या, पोत्याला १० रुपये कमी करतो," असं म्हणाला तर वर्षाला १२,००० वाचतात आणि खर्च ६,००० नं वाढतो. घ्यावं. पण त्याच १० रुपयांसाठी ३०० ची अट घातली तर खर्च १६,००० नं वाढतो, हात जोडावेत.

हे सगळं खप वर्षभर साधारण सारखा असेल तरच लागू. पशुखाद्याला ते बरंचसं जमतं. तरी पावसाळ्यात ओलीनं बुरशी धरते, तेव्हा सांभाळखर्चाचे ६० रुपये पुरत नाहीत आणि खेप लहान ठेवावी लागते. युरियाचं तसं नाही. त्याची मागणी हंगामाला एकदम उसळते, तिथं वर्षाची सरासरी धरून काढलेलं माप ऐन गरजेच्या वेळी रिकामं गोदाम दाखवील. तोडलेला ऊस तर या हिशोबात बसतच नाही; तो ठेवला की वजन आणि उतारा दोन्ही घटतात.

किती मागवायचं ते ठरलं तरी केव्हा मागवायचं हा प्रश्न वेगळाच राहतो. ऑर्डर दिल्यापासून गाडी यायला ६ दिवस लागतात आणि त्या काळात साधारण २० पोती खपतात. गाडी एखादवेळी उशिरा येते, म्हणून १० पोती वरचढ धरावीत. थप्पी ३० पोत्यांवर आली की फोन करावा. तिसाव्या पोत्यावर खडूनं फुली मारून ठेवली तर नवख्या पोरालाही ते कळतं.