खोकी मोजा, कंटेनर नव्हे

पनवेलहून पळस्प्याकडे किंवा गव्हाण फाट्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची उंच गोदामं दिसू लागतात. न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि बंदरातून सुटलेल्या मालाला पहिला विसावा या पट्ट्यात मिळू लागला. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्याराज्यांतली छोटी गोदामं मोडून एकच मोठं गोदाम ठेवणं कंपन्यांना परवडू लागलं, आणि या पट्ट्यावरचा भार आणखी वाढला.

हा माल एका लयीत येत नाही. डिसेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बड्या जहाज कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. वेळापत्रकं कोलमडली, आणि आठवडाभराच्या अंतराने यायची जहाजं पाठोपाठ येऊ लागली. गणपती-दिवाळीच्या आधी तर अशी लाट दरवर्षीच येते. बंदरात कंटेनर विनाभाडं ठेवायचे दिवस मोजके असतात. त्यामुळे आयातदाराला सगळे कंटेनर एकदमच बाहेर काढायचे असतात आणि गोदामाच्या दारात रांग लागते.

अशा वेळी मॅनेजर पहिला हिशेब करतो तो असा: रोज दहा कंटेनर यायचे, आता सोळा येणार, म्हणजे काम दीडपटीहून थोडं जास्त, तेव्हा माणसंही तेवढीच वाढवा. नियोजन बिघडायला सुरुवात इथूनच होते.

हिशेबासाठी एक गोदाम धरू. चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण हजार सुटी खोकी आहेत, प्रत्येकी पंधरा किलोच्या आसपास. चौघांची टोळी ती उतरवते, वेगळी करते आणि पॅलेटवर रचते. कंटेनरमध्ये एकच वस्तू असेल तर एका खोक्यामागे एका माणसाचा ०.६ मिनिट वेळ जातो. त्याच कंटेनरमध्ये चाळीस प्रकारच्या वस्तू मिसळून भरल्या असतील, तर प्रत्येक खोक्याचं लेबल वाचून ते योग्य पॅलेटपर्यंत न्यावं लागतं आणि वेळ एका मिनिटावर जातो. त्यात पाणी पिणं, दम खाणं, पॅलेटची वाट पाहणं यांसाठी पंधरा टक्के धरले, तर एकजिनसी कंटेनरला साडेअकरा आणि मिश्र कंटेनरला एकोणीसहून थोडे जास्त मनुष्य-तास लागतात. टोळीच्या घड्याळात ते जवळजवळ तीन तास आणि पावणेपाच तास.

एरवीच्या दहा कंटेनरांत सात एकजिनसी आणि तीन मिश्र असतात. सगळे मिळून सुमारे १३८ मनुष्य-तास होतात. लाटेतल्या सोळांत मात्र आठ मिश्र निघतात, कारण घाईच्या दिवसांत माल पाठवणारा उरलंसुरलं एकत्र कोंबतो. आता बेरीज २४५ वर जाते. कंटेनर साठ टक्क्यांनी वाढले, काम अठ्ठ्याहत्तर टक्क्यांनी. पाळीत साडेसात तास प्रत्यक्ष काम धरलं तर पूर्वी पाच टोळ्या पुरत होत्या, आता नऊ लागतात.

ही वाढ आधी कळू शकते. जहाज पोहोचण्यापूर्वीच आयातदाराकडे पॅकिंग लिस्ट आलेली असते आणि त्यात खोक्यांची संख्या, वजन, वस्तूंचे प्रकार सगळं असतं. जो नियोजक सीमाशुल्काच्या कामापलीकडे हा कागद मागून घेतो, त्याला पुढच्या आठवड्याचे मनुष्य-तास आजच मांडता येतात.

आता नऊ टोळ्या एकाच सकाळी उभ्या केल्या तर काय होतं? एकजिनसी कंटेनरमधून सुमारे २२ पॅलेट निघतात. मिश्र कंटेनरचे पॅलेट अर्धवट भरतात म्हणून तिथे तीसपर्यंत जातात. सोळा कंटेनरांचे मिळून ४१६ पॅलेट. ते उचलून मांडणीवर चढवायला तीन रीच ट्रक आहेत. प्रत्येकाने तासाला बारा पॅलेट चढवले तरी पाळीत २७० होतात. उरलेले डॉकसमोरच्या मोकळ्या जागेत साचतात, आणि तिथे ऐंशी पॅलेट मावतात. तासाला सुमारे वीस साचत गेले तर चार तासांत जमीन भरते. त्यानंतर टोळ्या कंटेनरच्या तोंडाशी बसून राहतात, चालक रस्त्यावर खोळंबतो, आणि संध्याकाळच्या अहवालात कामगारांची उत्पादकता घसरली असं लिहिलं जातं. खरी अडचण माणसांची नसून रीच ट्रकची असते.

म्हणून पाच टोळ्या सकाळी, चार दुपारी. ट्रक तेच तीन, चालक मात्र दोन पाळ्यांचे. सकाळचे साधारण २३० पॅलेट आता २७० च्या आत बसतात. यात एक गोष्ट हमखास विसरली जाते. रीच ट्रकला लेड-ॲसिड बॅटरी असेल तर तिला भरायला सुमारे आठ तास लागतात आणि नंतर थंड व्हायला वेळ द्यावा लागतो. दुसरी पाळी लावायची तर बॅटरीचा दुसरा संचही हवा. तो नसेल तर दुपारच्या टोळ्यांचं नियोजन कागदावरच राहतं.

उरला प्रश्न त्या ०.६ मिनिटाचा. तो ठरवायचा कोणी आणि कसा? बेथलेहेम पोलाद कारखान्यात १८९९ मध्ये फ्रेडरिक टेलरने बिडाच्या लाद्या उचलण्याचा अभ्यास केला. दिवसाला साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर नेल्याचा त्याचा दावा सगळे सांगतात. त्यानेच लिहिलेल्या दोन गोष्टी मात्र सहसा सांगितल्या जात नाहीत. ब्याण्णव पौंडांची लादी उचलणारा माणूस दिवसातला ४३ टक्के वेळच ओझ्याखाली राहू शकतो, आणि आठांतला जेमतेम एकच तो वेग पेलू शकतो. सर्वांत चपळ टोळीचा वेग सर्वांचं प्रमाण म्हणून लादू नये, यासाठी याहून मोठा पुरावा नको.

आपल्याकडे तर मोजमापाचं एकक मुळातच टोळी आहे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. नोंदणी, मंडळामार्फत मजुरी आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह अशी व्यवस्था त्याने उभी केली. टोळीची कमाई टोळीत वाटली जाते. वयस्कर हमाल पॅलेट रचतो, तरुण आत शिरून खोकी काढतो, आणि मुकादमाला कोणाला कधी बाहेर घ्यायचं ते ठाऊक असतं. तिथे स्कॅनरवरून माणशी खोकी मोजली, तर रचणारा मागे पडलेला दिसतो आणि घाईत रचलेले पॅलेट मांडणीवर चढताना कलंडतात. प्रमाण टोळीचं ठेवा आणि ते ठरवताना मुकादमाला समोर बसवा, असं मी आग्रहाने म्हणेन.

ऑक्टोबरच्या उन्हात बंद कंटेनरचा पत्रा तापतो, आतली हवा हलत नाही. तिथे पंधरा टक्के सूट पुरत नाही. तोंडाशी मोठा पंखा लावणं आणि आतली जोडी दर अर्ध्या तासाने बदलणं हा त्या प्रमाणाचाच भाग धरावा लागतो. नवी भरलेली टोळीही पहिल्या आठवड्यात जुन्या टोळीच्या वेगाने चालत नाही. नऊ टोळ्यांतल्या चार नव्या असतील तर सुरुवातीचे काही दिवस सोळाऐवजी तेरा-चौदा कंटेनरच बोलावणं शहाणपणाचं. राहिलेले कोणत्या क्रमाने आणायचे, हे विनाभाड्याची मुदत पाहून आयातदारासोबत ठरवता येतं.

प्रमाण चुकलंय हे कळतं कसं? पाळीच्या पहिल्या दोन तासांतली आणि शेवटच्या दोन तासांतली खोकी शेजारी मांडा. थोडा उतार असणारच. पण शेवटचा आकडा पहिल्याच्या तीन चतुर्थांशाखाली गेला, तर सकाळी माणसं पळवली गेली आहेत. दुसरी खूण आठवड्याने दिसते: मालाच्या पावतीत आणि मांडणीवरच्या मोजणीत फरक वाढतो, दबलेली खोकी वाढतात, जागा न नोंदवलेले पॅलेट सापडू लागतात. तिसरी खूण गैरहजेरीची. आठवड्याला ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट मजुरी मिळत असूनही सोमवारी टोळ्या अपुऱ्या भरू लागल्या, तर जादा तासांनी मिळवलेलं काम सोमवारीच परत जातंय. अशा आठवड्यात जादा तास बंद करून दहावी टोळी घेणं स्वस्त पडतं.