दारात पत्रांची फट

सागवानी दाराला पितळी लेटर प्लेट बसवायची, तर हातात करवत घेण्याआधी ती प्लेट उलटी करून पाहावी. पुढून दिसते ती चकचकीत चौकट आणि तिच्यातली झडप. मागच्या बाजूला मात्र झडपेची पिन, तिच्यावर गुंडाळलेली स्प्रिंग आणि बोल्ट अडकवायचे दोन आटेदार खुंट असतात. दारात किती मोठी फट पाडायची हे मागची बाजू ठरवते. पुढची झडप मोजून फट पाडली, की स्प्रिंग लाकडाला घासते आणि मग करवतीपासून पटाशीपर्यंत सगळी हत्यारं बाहेर काढावी लागतात.

एक नमुना घेऊ. दाराचा पल्ला 900 मिमी रुंद, 35 मिमी जाड, पॅनेलचा. प्लेट 250 मिमी लांब आणि 75 मिमी उंच. झडपेचं तोंड 180 बाय 40, पण मागची पिन आणि स्प्रिंग धरली तर 190 बाय 48 एवढी जागा व्यापली जाते. दोन बोल्टच्या मध्यांमधलं अंतर 215 मिमी. स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिमी मोकळीक दिली की फट 194 मिमी लांबीची होते. उंचीला 50 पुरे. आता टोकाचं गणित पाहा. 215 मधून 194 वजा केले तर 21 उरतात, म्हणजे एका बाजूला साडेदहा मिमी. बोल्टचं भोक 8 मिमीचं, त्याची निम्मी रुंदी 4. फट आणि भोक यांच्यामध्ये साडेसहा मिमी लाकूड राहतं आणि तेवढं टिकतं. हीच फट ‘असू दे थोडी सैल’ म्हणून 200 ची केली, तर मध्ये जेमतेम साडेतीन मिमीची चिंधी उरते आणि बोल्ट आवळताच ती फुटते. म्हणजे इकडे-तिकडे करायला फार वाव नाही. प्रत्येक प्लेटची मापं वेगळी असतात, पण हे वजाबाकीचं गणित प्रत्येकीला लावून पाहावं. पिन बहुधा वरच्या कडेला असते, त्यामुळे फट प्लेटच्या बरोबर मध्ये न येता थोडी वर सरकते. म्हणून प्लेटच्या मागच्या बाजूवर कागद दाबून त्याचा साचा काढावा आणि साच्यावर ‘वर’ असं लिहून ठेवावं.

जागा कोणती? पॅनेलच्या दारात पातळ पॅनेलला हात लावू नये. मधली आडवी पट्टी भक्कम असते, फट तिथेच. पट्टीच्या टोकांची कुसं उभ्या पट्ट्यांमध्ये गेलेली असतात. मधोमध पाडलेली फट त्यांच्यापासून दूर राहते. उंचीचीही सोय होते. युरोपातलं मानक पत्राची फट जमिनीपासून 700 ते 1700 मिमीच्या दरम्यान ठेवायला सांगतं आणि मधली पट्टी साधारण त्यातच येते. खालच्या पट्टीत फट पाडली, तर पोस्टमनला रोज वाकावं लागेल.

अडचण कुलपाची. आपल्या नमुन्यात फटीचं टोक कडेपासून 353 मिमीवर येतं. नाईट लॅचचा खटका कडेपासून 60 मिमीवर असेल, तर दोघांत तीनशे मिमीसुद्धा अंतर उरत नाही. ब्रिटनमध्ये, जिथे घरोघरी दारातच पत्रं पडतात, तिथे कुलपापासून किमान 400 मिमी दूर राहा असा सल्ला असतो, कारण फटीतून हात किंवा तारेचा आकडा घालून आतला खटका फिरवता येतो. बाहेरून कडी-कुलूप लावून जाणाऱ्या घराला ही भीती नाही; नुसतं दार ओढून घेणाऱ्याला आहे. अशा दाराला आतून पत्र्याचा झाकणवजा आडोसा लावावा, म्हणजे पत्र खाली पडतं आणि हात वळत नाही.

साचा पट्टीवर चिकटवताना स्पिरिट लेव्हलपेक्षा पट्टीच्या कडेवर विश्वास ठेवावा. जुनं दार थोडं लोंबलेलं असतं. लेव्हलला बरोबर बसवलेली प्लेट अशा दारावर तिरकी दिसते, कारण डोळा ती पट्टीच्या कडेशी ताडून पाहतो. रेघ पेन्सिलीने मारून थांबू नये. डाव्या-उजव्या आखूड रेघांवर धारदार सुरी पट्टीला टेकवून दोन-तीनदा खोल ओढावी. आडव्या पट्टीत लाकडाचे तंतू आडवे जातात, त्यामुळे लांब रेघा तंतूंच्या बाजूने आणि आखूड रेघा तंतूंना आडव्या पडतात. लाकूड फाटतं ते या आखूड रेघांवरच. तंतू आधीच कापलेले असले की चीर रेघेपाशी थांबते.

पल्ल्याखाली पाचर ठोकून तो हलणार नाही असा करावा. चारही कोपऱ्यांत, दोन्ही रेघांपासून पाच मिमीहून किंचित जास्त आत, 3 मिमीचं भोक सरळ आरपार पाडायचं. ती भोकं आतल्या बाजूला जिथे निघतात तिथून तेवढंच अंतर बाहेर मोजून दुसऱ्या रेघा मारून त्यांवरही सुरी फिरवायची. त्यानंतर 10 मिमीच्या गिरमिटाने तीच भोकं दोन्ही बाजूंनी निम्मी-निम्मी मोठी करायची. एकाच बाजूने रेटलं तर पलीकडे ढलपी उडते.

जिगसॉ बहुतेकदा पातं वर येताना कापतो, म्हणून कपच्या मशीनच्या बाजूला उडतात. बाहेरचा चेहरा स्वच्छ हवा असेल, तर मशीन आतून चालवावं. जाड सागवानात पातं खाली वाकतं आणि वरची रेघ बरोबर कापली तरी पलीकडची दोन मिमी सरकते. त्यामुळे रेघेच्या दोन मिमी आतूनच कापावं. उरलेलं लाकूड पटाशीने, दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत येत, पातळ ढलप्यांत काढावं. जिगसॉ नसेल तर रेघेलगत भोकांची रांग पाडून मधलं लाकूड पटाशीने उडवता येतं. वेळ जास्त लागतो, पण कड हाताखाली राहते.

फटीचा तळ बाहेरच्या बाजूला दोन मिमी उतरता ठेवला, तर वाऱ्याने आत आलेलं पावसाचं पाणी परत बाहेर जातं. कोकण-मुंबईकडे तर बाहेर उचलली जाणारी झडपच घ्यावी. ती वरून तोंड झाकते. आत ढकलली जाणारी झडप वाऱ्याने स्वतःच उघडते. कापलेल्या कडांना पॉलिश किंवा प्रायमरचे दोन हात द्यायचेच. डाव्या-उजव्या टोकांना तंतूंची तोंडं उघडी असतात, तिथून लाकूड पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात फुगून झडप अडते ती इथेच.

फ्लश दार असेल तर कापल्यावर आत पोकळी निघू शकते. पोकळीवर बोल्ट आवळला की प्लाय आत दबतो. आधी लाकडाच्या पट्ट्या गोंदाने आत बसवून फटीला चहूबाजूंनी भरीव कड करावी लागते.

प्लेट बसवताना बोल्ट बहुधा लांब निघतात. करवतीने तोडण्यापूर्वी त्यावर एक नट चढवून ठेवावा. तोडल्यावर तो उलटा काढताना फाटलेले आटे सरळ करतो. बोल्ट आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा आवळायचे. प्लेट हलेनाशी झाली की थांबायचं. त्यापुढे आवळलं तर ओतीव पितळ मधोमध किंचित वाकतं आणि झडप दोन्ही टोकांना चिमटली जाते. आतल्या झाकणाला स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे घ्यावेत. साधे लोखंडी पावसाळ्यात गंजून लाकडावर डाग पाडतात.

झडप बोटाने पूर्ण उघडून सोडावी. ती आवाज करत मिटली पाहिजे. अर्ध्यावर रेंगाळली तर दोष दोनपैकी एक. बोल्ट पाव फेरा सैल केल्यावर ती मिटली, तर प्लेट वाकली होती. तरीही अडली, तर प्लेट काढून स्प्रिंगच्या पायांना खडू चोळावा, पुन्हा बसवून झडप चार वेळा उघडझाप करावी. लाकडावर खडू उमटेल तिथली एक पातळ ढलपी काढून त्या जागेला पुन्हा पॉलिश द्यावं. पिनेला तेल घालू नये, धूळ चिकटते. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते. शेवटी एखादा जाड दिवाळी अंक गुंडाळून बाहेरून सरकवून पाहावा. तो अडकला तर फट मोठी करू नका, मधे साडेसहा मिमीच लाकूड आहे. दिवाळी अंक बेल वाजवून घ्यावा.